तिसरे प्रकरण, संशोधन पद्धती: प्रश्नावलीवरचा अभिप्राय

नमुना निवडीचा भाग नेमका झाला आहे, त्याला हात लावू नकोस. माझी हरकत प्रश्नावलीला आहे.

प्रश्न ७: ‘पर्ससीन जाळ्यांमुळे पारंपरिक मच्छीमारांचे झालेले नुकसान तुम्हाला किती गंभीर वाटते?’ नुकसान झाले आणि ते पर्ससीनमुळेच झाले, हे तू विचारण्याआधीच ठरवून टाकलेस. त्यात प्रश्न ६ एलईडी मासेमारीच्या बंदीबद्दल आहे, म्हणजे माणूस तापलेल्या मनाने सातव्याकडे येतो. आधी एवढेच विचार: ‘तीन वर्षांपूर्वीच्या मानाने तुमच्या जाळ्यात मासळी कमी येते, जास्त येते की तेवढीच?’ मग ‘कशामुळे?’ आणि खाली कोरी जागा. पर्ससीनचे नाव त्यांच्या तोंडून येऊ दे. तसे आले तरच तुझ्या निष्कर्षाला वजन आहे.

प्रश्न १२ मध्ये डिझेल परतावा आणि बर्फ एकत्र आहेत. दोन प्रश्न कर.

आता मापनश्रेणी. वीसही विधाने पाच बिंदूंच्या लिकर्ट श्रेणीवर आणि सगळी तक्रारीच्या सुरात. दारात आलेल्या शिकलेल्या मुलीला आपल्याकडे कोणी ‘नाही’ म्हणत नाही. सगळे ‘सहमत’ होतील. काही विधाने उलट्या दिशेने लिही. ‘तटस्थ’ हा शब्द बंदरावर कोणी बोलत नाही. ‘ना हो, ना नाही’ ठेव आणि ‘सांगता येत नाही’ हा पर्याय वेगळा दे. जिथे आकडा मिळतो तिथे श्रेणी नकोच: महिन्यात होडी किती दिवस बाहेर गेली, हे सरळ विचार.

पूर्वचाचणीबद्दल मात्र मला खरेच काळजी वाटते. महाविद्यालयातल्या तीस मुलांकडून अर्ज भरून घेतलास आणि क्रोनबाख अल्फा ०.८१ आला म्हणून प्रश्नावली ‘विश्वसनीय’ लिहिलेस. अल्फा विधानांचा आपसातला मेळ दाखवतो. प्रश्न कळला की नाही, हे दाखवत नाही. एकाच सुरातल्या विधानांवर तो फुगतोही.

गेल्या आठवड्यात तुझा अर्ज घेऊन मी हर्णैला लिलावाच्या वेळी गेले होते. ‘गेल्या महिन्यातले कुटुंबाचे उत्पन्न’ वाचून दाखवल्यावर एक मावशी म्हणाल्या, “होडीच्या वाट्याचं सांगू की माझ्या टोपलीचं?” प्रबंधाचा गाभाच या प्रश्नात आहे आणि तुझ्या रकान्यात त्याला जागा नाही. दोन वेगळे रकाने कर. शिवाय तुझी पूर्वचाचणी जुलैत झाली. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा ‘गेला महिना’ म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. मुख्य सर्वेक्षण नारळी पौर्णिमेनंतर आहे. तेव्हा त्याच शब्दांचा अर्थ बदलतो. ‘मागच्या हंगामात’ असे लिही.

नमुन्यात नसलेल्या दहा-बारा जणांना गाठ, निम्म्या तरी विक्रेत्या बायका असू देत. प्रत्येक प्रश्नानंतर ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ विचार आणि उत्तर त्यांच्याच बोलीत लिहून घे. कोणता प्रश्न कशामुळे बदललास, याचा तक्ता प्रकरणात जोड. तो पाहिल्याशिवाय मी मुख्य सर्वेक्षणाला सही देणार नाही.