प्राजक्ताच्या सिनॉप्सिसवर फीडबॅक : प्रश्न फार मोठा झालाय

प्राजक्ता,

सिनॉप्सिस काल रात्री वाचला, आज परत एकदा वाचला. विषय चांगला आहे, तो बदलायचा नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तू नवीनच काहीतरी घेऊन येशील.

तुझा प्रश्न असा आहे: "महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतराचा त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर, आरोग्यावर व सामाजिक विकासावर होणारा परिणाम." अगं, यात तीन पीएचड्या आहेत. आज ८ डिसेंबर, सबमिशन ३० एप्रिलला, म्हणजे हातात जेमतेम वीस आठवडे. त्यातले तीन सेमिस्टरच्या परीक्षेत जाणार, शेवटचे चार लिहिण्यात आणि बाइंडिंगवाल्याच्या मागे लागण्यात. उरले तेरा. एक तासाची मुलाखत ऐकून उतरवायला पाच-सहा तास लागतात, आणि तू लिहिलंयस "१५० कुटुंबांच्या सखोल मुलाखती". कोण करणार गं?

"महाराष्ट्रातील" हा शब्द तर काढच. बीडचा तोडकरी, जामखेडचा तोडकरी आणि नंदुरबारहून येणारं आदिवासी कुटुंब यांची गोष्ट एक नाहीये. "आरोग्य"ही काढ, त्यासाठी मुलांची वजनं-उंच्या मोजायला लागतील आणि ते आपलं काम नाही. "सामाजिक विकास" म्हणजे काय हे सिनॉप्सिसमध्ये कुठेच सांगितलेलं नाही, मला तरी सापडलं नाही.

सगळ्यात जास्त अडतंय ते "परिणाम" या शब्दावर. मूल शाळेत मागे पडलं ते फडावर गेल्यामुळे, का घरी पैसे नाहीत म्हणून, का मुलगी आहे म्हणून, का गावातली शाळा चौथीलाच संपते म्हणून? हे वेगळं करायचं तर न गेलेली, पण बाकी सगळं तसंच असलेली मुलं शोधायला लागतील. व्हायवाला बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील आणि तू माझ्याकडे बघशील.

आणि एक गोष्ट तू बहुतेक कॅलेंडर न बघता लिहिलीयस. जानेवारी-फेब्रुवारीत गावात जाऊन आईवडिलांशी बोलणार म्हणतेस, पण तेव्हा ते गावात असतील कसे? ते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या तळावर कोपीत. गावात सापडतील म्हातारी माणसं, मागे ठेवलेली पोरं आणि मास्तर. मला वाटतं ही अडचण नाहीये, हाच तुझा अभ्यास आहे.

पान ३ वर तू सहज एक वाक्य टाकून दिलंयस: तुझ्या मावशीच्या गल्लीतल्या एका घरात मुकादमाकडून उचल घेतली त्याच दिवशी ठरलं, की धाकटा आजीपाशी राहील आणि सहावीतली मोठी सोबत येईल, तान्ह्याला सांभाळायला. मी तिथे पेन्सिलने दोन रेघा मारल्यात. कारण नवराबायको मिळून एक कोयता, दोघंही दिवसभर फडात, मग तान्हं कोणाकडे? म्हणजे त्या पोरीची शाळा पावसाळ्यातच, उचल मोजताना सुटली, दिवाळीनंतर नाही. आणि बाकीच्या पंधरा पानांत हे परत कुठेच येत नाही!

म्हणून माझ्या मते प्रश्न असा काहीतरी कर: "शिरूर कासार तालुक्यातील दोन गावांमध्ये, ऊसतोडीला जाताना कोणतं मूल सोबत न्यायचं आणि कोणतं मागे ठेवायचं हे घरात कसं ठरतं?" शब्द तुझे वापर, माझेच कॉपी करू नकोस. पण बघ, यात "कसं ठरतं" आहे, त्यामुळे वीस-बावीस मुलाखतींत भागतं. आजीआजोबा आणि शिक्षक जानेवारीत होतील, हंगामी वसतिगृह चालू असेल तर तिथेही बस थोडा वेळ. हंगाम संपून माणसं परतली की मार्चअखेर पाच-सहा आईबापांना भेट. उशीर झाला तर एका तळावर दोन दिवस जाऊन ये, पण एकटी नको, आणि मुकादमाच्या ओळखीने तर मुळीच नको, त्याच्यासमोर उचलीबद्दल कोण खरं बोलेल?

लहान मुलांची मुलाखत घ्यायची नाही. आजीशी बोलताना ती आसपास असतील तेवढं पुरे. घ्यायचीच असेल तर संमतीपत्रं आणि एथिक्स कमिटी, त्यात महिना जाईल.

लिटरेचर रिव्ह्यू ठीक आहे, फक्त जागतिक स्थलांतराची पहिली सहा पानं उडव. शिक्षण हक्क कायद्याचा परिच्छेद राहू दे, पण तो कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, तू दोन्ही एकच धरलंयस.

प्रश्न छोटा केला की काम हलकं दिसेल ही भीती तुझ्या मेलमध्ये दिसली. तसं काही नसतं गं, ती पेन्सिलची दोन रेघांची जागा परत वाच.

शुक्रवारपर्यंत फक्त तीन गोष्टी पाठव: प्रश्न एका वाक्यात, दोन गावांची नावं, आणि तिथे तुझी ओळख कोणाशी आहे ते. नवीन सिनॉप्सिस नको. मावशीला फोन करून त्या घरातली आजी भेटेल का तेही विचारून ठेव.

मॅडम

ता. क. शीर्षकात "एक चिकित्सक अभ्यास" लिहू नकोस, प्लीज.