आमच्याकडे जानेवारीत बाळ येणार आहे

मालवण
रविवार, 12 जुलै 2026

सर्व वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना सप्रेम नमस्कार आणि लहानग्यांना अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने आमच्या घरात बाळ येणार आहे. डॉक्टरांनी 18 जानेवारी 2027 ही तारीख दिली आहे. मात्र ती तारीख आम्ही पाळायची आहे, बाळाने नव्हे, असेही त्यांनी हसत हसत सांगितले. स्नेहलची प्रकृती उत्तम आहे, सर्व तपासण्या व्यवस्थित झाल्या आहेत आणि अमेयची प्रकृतीही, कोणी विचारले नसले तरी, ठीक आहे.

तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत कोणास काही सांगू नये, हा आपल्याकडचा शिरस्ता आम्ही मनोभावे पाळला. तो पाळला गेला असा आमचा आजपर्यंत समज होता. हे पत्र लिहायला बसण्यापूर्वी, निदान अगदी जवळच्यांना तरी प्रत्यक्ष सांगावे म्हणून आम्ही काल संध्याकाळी चार-पाच घरी फोन केले, तेव्हा एका घरी "अभिनंदन" हा शब्द आम्ही तोंड उघडण्याआधीच ऐकू आला, दुसऱ्या घरी काकूंनी कितवा आठवडा तेही बरोबर सांगितले आणि तिसऱ्या घरी, इतके दिवस कळवले नाही म्हणून आम्हालाच रागे भरण्यात आले. आपल्यापैकी ज्यांना ही बातमी आज प्रथमच कळत असेल, त्यांचे आम्ही मनापासून आभार मानतो, कारण अशी माणसे थोडीच उरली आहेत.

बातमी फुटली ती अनारशांमुळे. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे कोल्हापूरच्या आईंनी जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचा बेत केला आणि त्यासाठी आम्ही दोघे जूनच्या सुरुवातीला घाट चढून गेलो. गाडीत जे व्हायचे ते झालेच होते. त्याचे खापर घाटाच्या वळणांवर फोडता आले. परंतु सकाळी पहिला अनारसा तुपात सोडला गेला आणि त्याचा वास माजघरापर्यंत पोचला, तेव्हा लहानपणापासून अनारशांसाठी भांडणारी स्नेहल नाकाला पदर लावून थेट परसदारी पळाली. आईंनी झारा हातात तसाच धरून तिच्याकडे पाहिले, मग अमेयकडे पाहिले, आणि एक अक्षरही न बोलता गॅस बंद केला. उरलेले अनारसे त्यांनी दुपारी, स्नेहल झोपल्यावर, दारे लावून तळले. तेहतीस पुरते भरले, वाण झाले आणि ते बहुतेक सर्व अमेयने एकट्याने संपवले. त्याचे वजन तेव्हापासून जे वाढू लागले आहे, ते स्नेहलच्या वजनाच्या पुढे आहे.

मालवणात परत आल्यावर आजीला सांगायला गेलो, तर तिने सुपातले तांदूळ निवडता निवडताच, मान वर न करता, "माका आधीच म्हायत होता" एवढेच म्हटले. कसे, ते तिने अजून सांगितलेले नाही. त्यानंतर मात्र ती उठली, देवासमोर गूळ-खोबरे ठेवले आणि भिंतीवरचे पंचांग उतरवून घेतले, ते आजतागायत तिच्या उशाशी आहे.

त्या पंचांगाने घरात एक मोठा वाद उभा केला आहे. आजीचा हिशोब चैत्रापासून नऊ महिने नऊ दिवसांचा. परंतु मध्ये अधिक ज्येष्ठ येऊन बसल्यामुळे तो महिना मोजावा की सोडावा, यावर ती आणि शेजारच्या काकू यांच्यात एकमत होत नाही. मोजला तर बाळ मार्गशीर्षात येते, सोडला तर पौषात, आणि डॉक्टरांची तारीख पौषातच पडत असल्याने सध्या डॉक्टरांची बाजू वरचढ आहे. ग्रहणांचाही शोध झाला. 12 ऑगस्टला सूर्यग्रहण आणि 28 ऑगस्टला, ऐन राखीपौर्णिमेला, चंद्रग्रहण आहे असे आढळताच आजीने स्नेहलच्या हातातली विळी काढून घेतली होती. ही दोन्ही ग्रहणे भारतातून दिसणार नाहीत आणि म्हणून पाळायची नाहीत, हे त्याच पंचांगात छापलेले दाखवल्यावर ती विळी परत मिळाली. नारळ फोडण्याची परवानगी मात्र अद्याप नाही.

आता सोनोग्राफीविषयी, कारण सर्वांनी तेच विचारले आहे. खोलीच्या दारावर, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, असा ठळक फलक आहे. आत जाण्यापूर्वी तशा अर्जावर सही करावी लागते आणि 1994 च्या कायद्याने डॉक्टरांनी ते सांगणे हा गुन्हा आहे. तेव्हा मुलगा की मुलगी हे आम्हाला माहीत नाही, आम्ही विचारलेले नाही आणि स्नेहलच्या चेहऱ्याच्या तेजावरून किंवा पोटाच्या आकारावरून ज्यांना ते कळले आहे त्यांनी कृपया स्वतःपाशीच ठेवावे. जे पाहिले ते एवढे: काळ्या-करड्या पडद्यावर सहा-सात सेंटिमीटरांचा एक जीव, आमच्याकडे पाठ करून पहुडलेला. डॉक्टरांनी यंत्र थोडे हलवले, स्नेहलला कुशीवर वळायला सांगितले, तेव्हा त्याने एक हात वर करून कपाळाशी नेला आणि पुन्हा पाठ फिरवली. मग हृदयाचे ठोके ऐकवले. ते इतके भरभर पडत होते की अमेयने घाबरून डॉक्टरांकडे पाहिले. या वयात मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके असतातच, असे त्यांनी समजावले, परंतु तोवर त्याच्या स्वतःच्या हृदयानेही तीच गती धरली होती. दोघेही बाहेर येऊन बराच वेळ बाकावर बसून होतो. परतताना छत्री तिथेच राहिली.

गोळ्या वेळेवर चालू आहेत. आशाताईंनी घरी येऊन नोंदणी केली आणि माता-बालकाचे कार्ड दिले. ते अमेयने प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, घराच्या सात-बाराच्या शेजारी, कपाटात ठेवले आहे.

डोहाळे कसले लागले, हा प्रश्न आमच्या बाबतीत फार जिव्हारी लागणारा आहे. चिंचा, आवळे, कैऱ्या यांची सोय या गावात कोणीही करील. स्नेहलला हवे आहे ते ताज्या बांगड्याचे तिखले, भरपूर तिरफळे घातलेले, आणि हे तिच्या मनात आले ते जून महिन्यात, जेव्हा मासेमारी बंद असते आणि किनाऱ्यावरच्या होड्या झावळ्यांखाली झाकलेल्या असतात. सुका बांगडा सुचवणाऱ्या व्यक्तीला (नाव सांगत नाही, परंतु ती व्यक्ती या पत्रावर सही करणार आहे) त्याचा वास येताच स्वयंपाकघरातून हद्दपार व्हावे लागले. खाडीतली काळुंदरे आणून पाहिली. ती "छान आहेत, पण बांगडा नाहीत" या शेऱ्यासह परत पाठवण्यात आली. बंदी कशासाठी असते, पावसाळ्यात मासळीची वीण होते, हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून ठाऊक आहे आणि सध्याच्या परिस्थितीत बांगड्यांच्या आयांविषयी आम्हाला अधिकच आपुलकी वाटते. पहिल्या होड्या लागतील त्या दिवशी अमेय बंदरावर पहाटेपासून उभा असेल, हे ओळखीच्या सर्व मच्छीमार बंधूंनी ध्यानात घ्यावे आणि भाव करताना दया दाखवावी.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आम्हाला मान्यच होती. परंतु आठव्या-नवव्या महिन्यात घाटाचा प्रवास डॉक्टरांना पसंत नाही. म्हणून दोन्हीकडच्या आयांनी आपसांत बोलून असे ठरवले की माहेरच इकडे येईल. कोल्हापूरच्या आई डिसेंबरच्या मध्यापासून आमच्याकडे राहतील. डिंकाचे लाडू कोणी करायचे, अळिवाचे कोणी, बाळाला न्हाऊ कोण घालणार आणि वाटपात खोबरे किती, याची वाटणी दोघींनी फोनवर तासभर खपून केली. त्या वाटणीत आमचे मत विचारलेले नाही. आमच्या घरगुती निवासातली समुद्राकडची खोली त्यांच्यासाठी राखून ठेवली असून डिसेंबरच्या सुट्टीत ती मागणाऱ्या पर्यटकांना आम्ही आतापासूनच नम्रपणे नकार देत आहोत.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात, रविवार, 1 नोव्हेंबर 2026 रोजी दुपारी बारा वाजता, मालवणातल्या आमच्या घरी करण्याचे योजिले आहे. त्याच्या पुढच्या रविवारी लक्ष्मीपूजन असल्याने मुंबई-पुण्याच्या मंडळींनी दिवाळीची रजा थोडी अलीकडे ओढून घ्यावी, अशी आग्रहाची विनंती आहे. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, म्हणजे सप्टेंबर उजाडला की लक्ष ठेवावे. गणपतीच्या तिकिटांसाठी पहाटे उठूनही ज्यांच्या हाती प्रतीक्षायादी आली, त्यांना अधिक सांगायला नको. कुडाळ किंवा कणकवलीला उतरलात तर गाडी पाठवू. स्नेहलला झोपाळ्यावर बसवायचे आहे, झोपाळ्याची कडी बाबांनी स्वतः बदलली आहे आणि तिच्या मजबुतीची परीक्षा म्हणून त्यावर आधी अमेयला बसवण्यात आले.

भेटवस्तू कृपया आणू नयेत. बाळ येण्याआधी त्याच्यासाठी नवे काही घरात आणायचे नाही, हा आजीचा नियम आहे आणि तो मोडण्याचे धैर्य घरात कोणातही नाही. द्यायचेच असेल तर आपल्याकडची एखादी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी द्यावी. तिची दुपटी शिवायची आहेत. आत्या, मावश्या, काकू, माम्या यांच्या साड्यांत गुंडाळून बाळ वाढावे, असे आम्हाला मनापासून वाटते. ज्या साडीबद्दल नंतर रुखरुख लागेल, ती मात्र देऊ नये.

सल्ले अवश्य द्यावेत. केशर, नारळपाणी, डाव्या कुशीवर झोपणे आणि पपई न खाणे हे चार मिळाले आहेत, ते पुन्हा न दिले तरी चालेल. नावे सुचवण्याचा अधिकार आत्याचा असून ती आपल्या वहीत दोन्ही बाजूंनी यादी करत आहे. सूचना थेट तिच्याकडे पाठवाव्यात, आमची त्यात शिफारस चालत नाही.

गणपतीला येणारे तर भेटतीलच. तोवर फोन करायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर करावा. सकाळी स्नेहल बोलण्याच्या स्थितीत नसते आणि दुपारी ती झोपलेली असते.

आपलेच,
स्नेहल आणि अमेय

ता. क. : कैरीच्या लोणच्याच्या बरण्या आतापर्यंत नऊ आल्या आहेत. दहावी ज्यांनी वाटेत लावली असेल, त्यांची पोचेल. अकरावी मात्र कृपया थांबवावी.