सर्जरी वॉर्डात भेटायला येणाऱ्यांना विनंती

नमस्कार,

आपलं माणूस आत असलं की जीव थाऱ्यावर राहत नाही, हे मी रोज बघते. भेटायला येऊ नका असं सांगण्यासाठी हे पत्र नाही. कसं यावं, एवढंच सांगायचंय.

परवा भेटीच्या वेळेत एका पलंगाभोवती आठ जण होते. दोघे पलंगावरच टेकलेले, त्यातल्या एकाच्या कोपराखाली सलाइनची नळी दबलेली. आमची सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन पडद्याबाहेर ताटकळत होती. शेजारच्या आजींचं पोटाचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालेलं, आणि गर्दीतलं कुणीतरी त्यांच्याकडे तोंड करून खोकत होतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण टाके ताजे असलेल्या माणसाला अशी गर्दी महागात पडू शकते.

म्हणून पेशंटजवळ एका वेळी दोघेच थांबा. बाकीच्यांनी बाहेरच्या बाकांवर बसावं आणि पाळीपाळीने आत यावं. बसायला खुर्ची मागा, देऊ; पलंगावर मात्र नको.

आता हातांचं. दाराशी हँडरबची बाटली आहे. थेंबभर घेऊन तळवे दोनदा घासणं म्हणजे हात स्वच्छ करणं नव्हे. तळहात भरेल इतकं घ्या आणि हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळा. २० ते ३० सेकंद लागतात. बोटांची टोकं, बेचक्या आणि अंगठे हमखास सुटतात. हात मळलेले असतील किंवा शौचालयातून येत असाल, तर साबण-पाणीच वापरा, ४० ते ६० सेकंद. ज्या खोलीवर ‘फक्त साबण-पाणी’ अशी पाटी आहे, तिथेही तसंच करा. जुलाबाच्या काही जंतूंचे बीजाणू हँडरबला दाद देत नाहीत.

बरेच जण दाराशी हात नीट चोळतात, मग खिशातून मोबाइल काढतात आणि त्याच हाताने पेशंटची पट्टी सारखी करतात! मोबाइल हाताळलात तर पुन्हा हँडरब घ्या. पट्टी, सलाइनची सुई, लघवीची पिशवी यांना हात लावू नका, आम्हाला हाक मारा. निघतानाही हात स्वच्छ करा. पलंगाच्या कठड्यावरचं जे हाताला लागलंय, ते तुमच्याबरोबर घरी जायला नको. हातमोजे घातले तरी यातून सुटका नाही.

सर्दी, खोकला, ताप असेल तर सध्या फोनवरच बोला. उलट्या-जुलाब झाले असतील, तर ते थांबून ४८ तास उलटल्यावर या.

आणि हो, आमच्यापैकी कुणी हात स्वच्छ न करता पेशंटला हात लावताना दिसलं, तर बेधडक विचारा. डॉक्टर असले तरी विचारा. कुणी नाराज झालंच, तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

सकाळी १० वाजता मी वॉर्डात फेरीला असते. एरवी सिस्टरांच्या टेबलावर निरोप ठेवा.

आपली,
संसर्ग नियंत्रण परिचारिका