मधल्या सुट्टीतील मागणी: एकल-प्रकरण अभ्यासाचा अहवाल

ओवी (नाव बदलले आहे) 8 वर्षांची, स्वमग्न. घर दांडिया बाजारात. घरी मराठी, वडोदऱ्यातील विशेष शाळेत गुजराती. त्यामुळे ‘पाणी पाहिजे’ आणि ‘पाणी आपो’ दोन्ही मागण्या ग्राह्य धरल्या. रोज मधल्या सुट्टीत 10 संधी दिल्या. वस्तू दिसल्यापासून 5 सेकंदांत, कुणी न सुचवता केलेली मागणी तेवढी मोजली. पायाभूत टप्प्यात (अ) 5 सेकंदांनी वस्तू तशीच दिली. हस्तक्षेपात (ब) तेवढेच थांबून बाईंनी वाक्य म्हणून दाखवले आणि ओवीने ते म्हटल्यावर वस्तू दिली.

सत्रनिहाय मागण्या:
अ1: 1, 0, 2, 1, 1
ब1: 2, 4, 5, 6, 7
अ2: 5, 3, 3, 2, 2
ब2: 4, 6, 7, 8, 8

20 पैकी 7 सत्रांत दुसऱ्या निरीक्षकाने स्वतंत्र नोंद केली. प्रत्येक टप्प्यातले किमान एक सत्र त्यात होते. 70 संधींपैकी 65 वर (92.9%) एकमत झाले. पाचपैकी चार मतभेद एकाच गोष्टीवरून: नुसता ‘पा’ ऐकू आला, तर मागणी धरायची का?

आलेखात अ1 सपाट आहे. मध्यक अ1 मध्ये 1, ब1 मध्ये 5, अ2 मध्ये 3, ब2 मध्ये 7. आधीच्या टप्प्यातील शेवटच्या तीन आणि नव्या टप्प्यातील पहिल्या तीन सत्रांच्या सरासरीतला फरक अनुक्रमे +2.33, −2.33 आणि +3.33. म्हणजे परिणाम तीनदा, तीन वेगळ्या वेळी दिसला.

दोन टप्प्यांतील सत्रांच्या सर्व जोड्यांपैकी अपेक्षित दिशेने बदल दाखवणाऱ्या जोड्यांचे प्रमाण म्हणजे एनएपी; बरोबरीची जोडी अर्धी धरतात. अ1–ब1 साठी ते (24 + 0.5) ÷ 25 = 0.98, अ2–ब2 साठी 24 ÷ 25 = 0.96. पीएनडी, म्हणजे आधीच्या टप्प्यातील सर्वात मोठ्या आकड्याच्याही वर गेलेल्या सत्रांचे प्रमाण, दोन्हीकडे 80%. हस्तक्षेप काढल्यावरची घसरण मात्र एनएपीत 0.78 एवढीच भरते, आणि हा आकडा झाकून ठेवणे मला मान्य नाही. एनएपी प्रत्येक बिंदूची दुसऱ्या टप्प्यातील प्रत्येक बिंदूशी तुलना करते. बिंदू कोणत्या क्रमाने आले ते तिला दिसत नाही. ब1 चढत 7 वर गेला, अ2 उतरत 2 वर आला. चढ आणि उतार एकाच पट्ट्यातून जातात म्हणून आच्छादन दिसते, पण कल पूर्ण उलटा आहे. अ2 च्या पहिल्या दिवशीच्या पाच मागण्या मी शिकलेले टिकल्याची खूण मानते. त्या दिवशी ओवीने डब्यातल्या पोह्यांकडे बोट न दाखवता दोनदा ‘पोहे पाहिजे’ म्हटले होते.

एक शंका नोंदवणे आवश्यक आहे. अ1 आणि ब1 यांच्यामध्ये उत्तरायणाची सुट्टी आली. घरी पाहुणे, गच्चीवर गर्दी. तिथे बोलण्याचे प्रसंग वाढले असतील. पहिल्या बदलाचे श्रेय त्यामुळे निखळपणे हस्तक्षेपाला देता येत नाही. अ2 ते ब2 मध्ये कोणतीही सुट्टी नव्हती, आणि तिथली वाढ अधिक मोठी आहे.