परग्रहवासीयांची नावे: मुद्रितशोधन, चित्रे आणि ध्वनिमुद्रणासाठी टिपण

ताई, दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही ‘टेराळ’चं ‘तेराळ’ केलंत आणि ‘थिस्पे’वर प्रश्नचिन्ह टाकलंत. चूक माझी. नियम माझ्या वहीत होते, तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. आता सगळे इथे उतरवतो. चित्रकार आणि ध्वनिपुस्तक वाचणारे या दोघांनाही याचीच प्रत देतोय.

पाया एकच: तोंड जसं, तसा आवाज. आपली वर्णमाला मुळात तोंडाचा नकाशाच आहे. कंठातून निघायचं आणि टाळू, मूर्धा, दात करत ओठांवर यायचं. त्या नकाशातला एखादा भाग पुसला की उरलेल्या अक्षरांतून एक जमात उभी राहते.

टेराळ. मसाई पठारावर उतरलेले हे पहिले. चोच आहे, ओठ नाहीत. म्हणून प, फ, ब, भ, म आणि व बाद. उ, ऊ, ओ, औ म्हणताना ओठांचा चंबू करावा लागतो, तेही बाद. (ही कल्पना हवेतली नाही. उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक भाषेच्या मूळ शब्दांत प, ब, म नाहीत, आणि त्या लोकांना ओठ आहेत.) नावाचा साचा पक्का आहे: सुरुवातीला क, ग, ट, ड यांपैकी एक, मध्ये ट, ड, र यांपैकी एक, शेवटी ळ किंवा ण, दोन्ही स्वर अ, आ, ई, ए यांतले. मराठी शब्द ळ किंवा ण ने सुरू होत नाही, पण शेवटी ही अक्षरं छान बसतात, म्हणून त्यांना शेपटीला ठेवलं. या साच्यातून 384 नावं पडतात. ठेवली चारच: मुख्य जमात टेराळ, तिच्या शाखा कडेण, गीरेळ आणि डारीळ. ‘गाडीण’ नियमात चोख बसत होतं, पण वाचक हसला असता. ‘काटाळ’ला कंटाळ्याचा वास येत होता. ‘कराळ’ आधीच विक्राळाबरोबर नांदतोय.

ते मराठी बोलतात तेव्हा गाळलेली अक्षरं कशी बदलायची तेही ठरलेलं आहे. प, फ, ब, भ च्या जागी क्रमाने क, ख, ग, घ. म चा न, व चा य. उ-ऊ चे इ-ई, आणि ओ चा नुसता अ. म्हणजे कोल्हापूर झालं ‘कल्हाकीर’, पन्हाळा ‘कन्हाळा’, जोतिबा ‘जतिगा’. रंकाळा मात्र जसाच्या तसा राहतो, आणि तिसऱ्या प्रकरणात टेराळ पहिल्यांदा रंकाळ्यावरच का रेंगाळतात याचं खरं कारण हेच आहे. या गावात त्यांना नीट उच्चारता येणारी ती पहिली जागा. तालमीतली पोरं त्यांना ‘काय भावा’ शिकवतात, ते ‘काय घाया’ म्हणतात. ‘नाद खुळा’चं ‘नाद खिळा’ होतं. ताई, हा ‘खिळा’ कृपया सुधारू नका, सातव्या प्रकरणातला सगळा घोळ त्यावरच उभा आहे.

थिस्पे. यांना स्वरतंतू नाहीत, श्वास नुसता घासत बाहेर येतो. त्यामुळे घोष व्यंजन एकही नाही. ग, ज, ड, द, ब गेले, अनुनासिकं गेली, य, र, ल, व गेले. ‘ह’ श्वासासारखा वाटतो खरा, पण आपल्या परंपरेत तो घोष वर्णांत मोजतात, म्हणून तोही काढला. ‘ष’ अघोष असूनही वगळला, कारण आपल्यापैकी बहुतेक जण त्याचा ‘श’च करतात, कानाला न कळणारा फरक नावात कशाला? साचा: ख, थ, फ किंवा श, मग आ, इ, ए यांतला एक स्वर, मग स्प, स्त, फ्त किंवा क्त, आणि शेवटी आ, ई किंवा ए. मुख्य नाव थिस्पे. शाखा शाफ्ती, खेक्ता, फेस्पी. ‘शिस्ते’ टाकून दिलं, लोक त्यांना शिस्तीचे समजले असते आणि ते तर अजिबात नाहीत.

शेवटी स्वर का लागतो? ‘थिस्प’ लिहिलं तरी वाचणारा ‘गुप्त’सारखा शेवटचा अ उच्चारणारच. त्यापेक्षा आपणच स्वर ठरवून दिलेला बरा.

वाचणाऱ्यांसाठी: थिस्पेचे संवाद कुजबुजत वाचा. कुणाच्या कानात ‘गाडी’ कुजबुजून बघा, बऱ्याचदा ‘काडी’ ऐकू येते. त्यांची भाषा सगळी तशी.

ल्होमूना. पाण्याखालचे. म, न, ल आणि त्यांची हकारयुक्त रूपं म्ह, न्ह, ल्ह, एवढीच व्यंजनं. पहिलं अक्षर हकारयुक्तच. प्रत्येक अक्षराला दीर्घ स्वर, आणि एका नावात एकतर ई-ए किंवा ऊ-ओ, दोन्हींची सरमिसळ नाही. आ कुठेही चालतो. तुर्की भाषेत स्वरांचं असं गोत जुळवतात: तिथे अनेकवचनाचा प्रत्यय शब्दातल्या स्वराप्रमाणे ‘लर’ किंवा ‘लेर’ होतो. तसंच इथे: ल्होमूनालू, पण म्हेनीलाली. शाखा दोन, म्हेनीला आणि न्हीलेमी. ‘म्ह’ हा ‘म्हैस’मधल्यासारखा एका दमात म्हणायचा, ‘मह’ असा तोडायचा नाही.

झाजुच. कीटकांचा थवा. च, ज, झ ही तीनच व्यंजनं आणि अ, आ, उ हे तीनच स्वर. च ‘चारा’तला, ‘चार’मधला नव्हे. ज ‘जोर’मधला, झ ‘झाड’मधला. छापताना नुक्ता देऊ नका, पानावर माशा बसल्यासारखं दिसतं. थवा वाढला की नाव लांबतं: झाजुच, झाजुचझु, झाजुचझुजा. सात अक्षरांवर थांबलोय, कारण आठव्याला अक्षरजुळणी करणाऱ्या काकांनी हात जोडले.

आता विभक्ती, कारण मराठीत नाव आलं की त्याला प्रत्यय चिकटणारच. टेराळ पुल्लिंगी: टेराळाने, टेराळांना. थिस्पे नपुंसकलिंगी, रूप बदलत नाही: थिस्पेला, थिस्पेचं. झाजुच कायम अनेकवचनी, ‘झाजुच आला’ असं कधीच नाही. ल्होमूना स्त्रीलिंगी, आणि इथे दोन रूपं मुद्दाम ठेवली आहेत. विद्यापीठातली माणसं ‘ल्होमूनाला’ म्हणतात, कारण परकं नाव मोडायचं नाही ही त्यांची शिकवण. रंकाळ्यावर भेळ विकणाऱ्या मावशी ‘ल्होमूनेला’ म्हणतात, पंचगंगेला म्हणावं तसं. एकाच पानावर दोन्ही दिसली तरी एकसारखी करू नका. तसंच पठाराखालच्या वाडीतले लोक ‘टेऱ्यास्नी’ म्हणतात, तेही राहू द्या.

चित्रकारांना एवढंच: टेराळाच्या पहिल्या रेखाटनात तुम्ही चोचीखाली ओठाची बारीक कड काढली आहे. ती पुसा, नाहीतर त्याला ‘कोल्हापूर’ म्हणता येईल.