सोशल मीडिया ऑटोमेशन सांभाळण्यासाठी माणूस हवा

सांगलीत आमचा हळद-मसाल्याचा छोटा कारखाना आहे. इन्स्टाग्रामच्या पोस्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपची उत्तरं आपोआप जातात, पण लक्ष ठेवायला कुणी नाही. टोकनची ६० दिवसांची मुदत संपली की पोस्ट गुपचूप थांबतात. ते वेळेआधी बदलणं हे पहिलं काम. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास उलटले, की व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त मंजूर टेम्प्लेट जातो, हे माहीत हवं. कृष्णेला पूर आला तर ठरलेल्या ऑफरच्या पोस्ट ताबडतोब थांबवायच्या; मालकांना विचारत बसू नका. तक्रारीला उत्तर मात्र स्वतः लिहायचं. एपीआय, थोडं पायथन आणि नीट मराठी यावं. डिग्रीची अट नाही. पगार २२ ते २८ हजार, रविवारी सुट्टी (दिवाळीआधीचे पंधरा दिवस सोडून). बायोडेटा घेऊन कारखान्यात या, दुपारी ३ ते ५.