जुने डेस्कटॉप टप्प्याटप्प्याने बदलण्याबाबतचा प्रस्ताव

दिनांक : ९ मार्च २०२६

प्रति,
मा. कार्यालयप्रमुख,

विषय : कार्यालयातील ४६ जुने डेस्कटॉप टप्प्याटप्प्याने बदलणे, सुट्या भागांचा प्राधान्यक्रम आणि अपेक्षित खर्च यांबाबत.

महोदया,

फेब्रुवारीच्या आढावा बैठकीत आपण सर्व डेस्कटॉपची प्रत्यक्ष पाहणी करून अंदाजित खर्चासह प्रस्ताव सादर करण्यास सांगितले होते. त्यानुसार प्रत्येक यंत्र उघडून तपासले असून गेल्या बारा महिन्यांची तक्रार-नोंदवहीही वाचली आहे. त्या नोंदवहीत दुरुस्तीच्या ३१ तक्रारी आहेत. त्यांपैकी ११ हार्ड डिस्कच्या आणि ६ वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसच्या आहेत. प्रोसेसर बिघडल्याची मात्र एकही नोंद नाही. यंत्रे जुनी झाली असे आपण सरसकट म्हणतो, परंतु त्यांतील सर्वच भाग सारख्या वेगाने जुने होत नाहीत, आणि हा संपूर्ण प्रस्ताव याच निरीक्षणावर आधारलेला आहे.

वयानुसार यंत्रांचे तीन गट पडतात. ‘अ’ गटात २०१३ साली घेतलेली १४ यंत्रे आहेत. त्यांत डीडीआर३ प्रकारची ४ जीबी रॅम आहे. ‘ब’ गटातील १८ यंत्रे २०१६ची असून त्यांचे प्रोसेसर सहाव्या पिढीचे आहेत. ‘क’ गटातील १४ यंत्रे २०१९ची, नवव्या पिढीच्या प्रोसेसरची आणि ८ जीबी डीडीआर४ रॅमची आहेत. सर्व ४६ यंत्रांत अजूनही फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क आहेत आणि सर्वांवर विंडोज १० चालते. विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ‘अ’ आणि ‘ब’ गट या अटीत बसत नाहीत, ‘क’ गट बसतो. म्हणून सुट्या भागांवरचा खर्च मुख्यतः ‘क’ गटावरच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘अ’ गटासाठी घेतलेली डीडीआर३ रॅम पुढे कोणत्याही नव्या यंत्रात बसणार नाही. तो पैसा यंत्राबरोबरच निकालात निघेल.

‘क’ गटात पहिला मान डिस्कचा आहे. चाचणीसाठी एका यंत्रात ५०० जीबीची साटा एसएसडी बसवून पाहिली. पूर्वी त्या यंत्राला सुरू होऊन कामाची फाइल उघडेपर्यंत चार मिनिटे लागत, ती वेळ आता पाऊण मिनिटाच्या आत आली. रॅम तीच होती, प्रोसेसरही तोच. फिरत्या डिस्कला लहान लहान फाइल शोधताना दरवेळी वाचनशीर्ष हलवावे लागते, तर एसएसडीत हलणारा भागच नसतो. आपल्या कामात लहान फाइलच अधिक असल्याने हा फरक इतका ठळक दिसतो. दुसऱ्या क्रमांकावर रॅम येते. रिकाम्या खाचेत ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवल्यास एकूण १६ जीबी होईल, आणि दोन पट्ट्यांमुळे मेमरी दुहेरी मार्गाने काम करील. या यंत्रांचे एसएमपीएस नेहमीपेक्षा वेगळ्या आकाराचे आहेत आणि ऐन वेळी मिळत नाहीत, म्हणून दोन शिल्लक ठेवावेत. थर्मल पेस्ट आणि मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल बदलणे हे काम किरकोळ आहे, पण यंत्र उघडलेच आहे तर त्याच वेळी ते करून घ्यावे. प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बदलण्याची शिफारस मी कोणत्याही गटासाठी करीत नाही.

‘क’ गटाची यंत्रे विंडोज ११वर नेण्यापूर्वी बायोसमध्ये टीपीएम चालू करावा लागेल आणि डिस्कची मांडणी जीपीटी प्रकारची करावी लागेल. ती करता येईल की नाही हे पुढील आज्ञेने आधीच कळते :

```
mbr2gpt /validate /allowFullOS
```

पहिला टप्पा एप्रिल ते जून २०२६ असा प्रस्तावित आहे. ‘क’ गटातील प्रत्येक यंत्रासाठी एसएसडी ४,००० रुपये, रॅम ३,५०० रुपये आणि देखभालीचे किरकोळ साहित्य २५० रुपये धरून १४ यंत्रांचे १,०८,५०० रुपये होतात. दोन एसएमपीएसचे ४,४०० रुपये वेगळे. ‘अ’ गटातील लेखा आणि वेतन शाखेची ६ यंत्रे याच टप्प्यात बदलावीत, कारण बँकेचे व्यवहार त्यांवरून होतात. मॉनिटर न घेता प्रति यंत्र ४२,००० रुपयांप्रमाणे त्यांचे २,५२,००० रुपये होतील. जुने मॉनिटर चांगले आहेत, परंतु त्यांपैकी चारांना फक्त व्हीजीए जोडणी असल्याने २,००० रुपयांचे अडॅप्टर लागतील. ‘ब’ गटातील ५ यंत्रांवर केवळ ब्राउझरमधून काम चालते. त्यांत एसएसडी बसवून लिनक्स टाकल्यास २०,००० रुपयांत ती सुरक्षितपणे वापरता येतील. अशा रीतीने पहिल्या टप्प्याचा खर्च ३,८६,९०० रुपये होतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२६च्या दुसऱ्या टप्प्यात ‘अ’ गटाची उरलेली ८ यंत्रे आणि ५ अडॅप्टर यांसाठी ३,३८,५०० रुपये लागतील. ‘ब’ गटातील उरलेली १३ यंत्रे तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे एप्रिल २०२७मध्ये, ५,४६,००० रुपयांत बदलता येतील. एकूण खर्च १२,७१,४०० रुपये होतो. दरवाढ आणि अचानक होणारा बिघाड यांसाठी त्यावर सुमारे ५ टक्के, म्हणजे ६४,००० रुपये, राखीव ठेवावेत.

सर्व ४६ यंत्रे एकदम बदलल्यास १९,३२,००० रुपये लागतील. दोन्ही आकड्यांतील फरक ही संपूर्ण बचत आहे असे मी म्हणणार नाही. ‘क’ गट आणि लिनक्सवरील पाच यंत्रे साधारण तीन-चार वर्षांनी बदलावीच लागतील. परंतु तोवर ती नीट काम देतील, आणि पुढील खरेदीही एकाच वर्षात अंगावर येणार नाही.

प्रस्तावातील कच्चा दुवा ‘ब’ गटाची १३ यंत्रे आहेत, हे आपल्या निदर्शनास आणणे माझे कर्तव्य आहे. ती आणखी वर्षभर विंडोज १०वरच राहतील. त्यांच्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेट विकत घेता येतात, परंतु कार्यालयांसाठी त्यांचा दर पहिल्या वर्षी प्रति यंत्र ६१ डॉलर आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट आहे. आपला कालावधी दोन्ही वर्षांत मोडत असल्याने १३ यंत्रांचे २,३७९ डॉलर होतील, आणि तेवढ्यात चार-पाच नवी यंत्रे येतात. आवक-जावक आणि अभिलेख शाखेतील या यंत्रांना अंतर्गत सर्व्हरखेरीज काही लागत नाही. म्हणून त्यांची इंटरनेट जोडणी आणि यूएसबी वापर एप्रिलपासूनच बंद करावा. कर्मचाऱ्यांची थोडी गैरसोय होईल. त्यासाठी प्रत्येक शाखेला ‘क’ गटातील एक यंत्र सामायिक वापरासाठी द्यावे. दुसऱ्या टप्प्यापर्यंत थांबणाऱ्या ‘अ’ गटाच्या ८ यंत्रांनाही हेच निर्बंध लागू असावेत.

काढलेल्या हार्ड डिस्क कोणत्याही यंत्रात पुन्हा वापरू नयेत. त्यांतील माहिती `diskpart` मधील `clean all` आज्ञेने पूर्ण पुसून, त्याची नोंद अनुक्रमांकानुसार ठेवूनच त्या निर्लेखनासाठी द्याव्यात. बिघडल्यामुळे पुसता न येणाऱ्या डिस्क माझ्या समक्ष भोक पाडून निकामी कराव्यात.

पहिल्या टप्प्याच्या ३,८६,९०० रुपयांच्या खर्चास आणि १३ व ८ यंत्रांवरील निर्बंधांस आपली मान्यता २५ मार्चपर्यंत मिळाल्यास दरपत्रके मागवून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेखा शाखेपासून काम सुरू करता येईल. वेतनाची देयके तयार होण्याच्या दिवसांत तेथील यंत्रांना हात लावला जाणार नाही, याची काळजी घेतली जाईल.

आपला नम्र,
संगणक देखभाल अधिकारी

सोबत : १. यंत्रनिहाय तपासणी तक्ता. २. तक्रार-नोंदवहीचा गोषवारा.